तासाला वीस रुपये: अभ्यासाचं बक्षीस बंद करायचं तर कसं?

सातवी_गल्ली

मुलगा नववीत आहे. गणिताची ओढ लहानपणापासून. शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणीची जुनी पुस्तकं कुणी न सांगता घेऊन बसायचा, एखादं कोडं सुटलं नाही तर जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. इतिहास आणि संस्कृत पुढ्यात आलं की मात्र तोंड वाकडं.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांनी एक पद्धत सुरू केली. अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक तासाचे वीस रुपये. वेळ वहीत लिहायची, रविवारी हिशेब. सुरुवातीला घरात शांतता आली, पोरगं स्वतःहून बसायला लागलं. आता चित्र असं आहे की वहीत तास भरपूर दिसतात, पण तो सोपे धडे घेऊन उत्तरं उतरवत बसतो. घटक चाचणीत इतिहासाचे मार्क थोडे वाढले, बीजगणित आहे तिथेच. कोड्यांची पुस्तकं माळ्यावर गेली. परवा भूमितीचं एक अवघड प्रमेय मी समोर ठेवलं तर त्याने विचारलं, "याचा वेळ धरणार का?"

हे बंद करावं असं मला वाटतं. त्याचे वडील म्हणतात, एकदम बंद केलं तर आहे तेवढाही अभ्यास जाईल. इथे कुणी शिक्षक, समुपदेशक असतील तर नीट सांगा.

हिरवा_पेरू

ताई, नववीत पाया पक्का झाला पाहिजे. माझा पुतण्या पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी असं घड्याळ लावून बसतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत. शाहूपुरीत एक चांगला क्लास आहे, पाहिजे तर व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो.

सातवी_गल्ली

धन्यवाद दादा, पण तो बसत नाही ही तक्रारच नाही. तासन्‌तास बसतोय.

मृदगंध_क

पैसे हे अभ्यासातलं विष आहे. आतून आवड असेल तरच माणूस शिकतो, बाहेरून लावलेलं काहीच टिकत नाही. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्येच हे सिद्ध केलंय. आजच्या आज वही फाडून टाका. बक्षीस नको, शाबासकी नको, मार्कांची चर्चासुद्धा नको. आवड आपोआप परत येईल.

तांबडी_माती

विष कसं काय? माझा थोरला पेठेतल्या तालमीत जातोय. पहाटे उठून जोर-बैठका मारतोय, त्याचे त्याला कोण पैसे देत नाही. पण मैदान लागलं की कुस्तीवर इनाम लागतंयच की. इनाम घेतलं म्हणून पोरगं तालमीत जायचं बंद झालं, असं मी तरी बघितलं नाही.

आणि आपल्या शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. बाहेरून लावलेलंच होतं ते. त्यानं पोरं शाळेत आली का नाही?

वर्गाबाहेर

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, आणि शाळकरी मुलांच्या पालकांशी बोलण्यात माझा बराच वेळ जातो. मृदगंध, डेसीचा प्रयोग खरा आहे, पण तुम्ही त्यातून काढलेला अर्थ त्याहून बराच मोठा आहे.

डेसीने विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ही कोडी मुळातच मजेची. तीन बैठका झाल्या. मधल्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, दुसऱ्याला काहीच नाही. प्रत्येक बैठकीत प्रयोग घेणारा आठ मिनिटं खोलीबाहेर जायचा. खोलीत मासिकंही ठेवलेली असायची. त्या आठ मिनिटांत कोण आपणहून ठोकळ्यांना हात लावतं, हे खरं मोजमाप. पैसे मिळायचे थांबल्यावर तिसऱ्या बैठकीत पैसेवाल्या गटाचा तो वेळ घटला. पण त्याच अभ्यासात तोंडी कौतुक मिळालेल्यांची गोडी तशी घटली नाही. त्यामुळे "शाबासकी नको" हे त्यातून निघत नाही.

दोन वर्षांनी लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ही मुलं रंगीत पेनांनी चित्रं काढायला आधीच आवडीने बसणारी होती. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच पत्र अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढे वर्गात मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर काही परिणाम नव्हता. म्हणजे वस्तू तीच होती. फरक पडला तो 'हे कर, म्हणजे ते मिळेल' या अटीमुळे.

आता ताई, तुमच्या घरात एकाच वहीत दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत. गणित त्याला मुळात आवडत होतं, इतिहास आवडत नव्हता. 1999 मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 128 प्रयोग एकत्र तपासले. अटीवर दिलेल्या वस्तू आणि पैशांनी गोडी घटते, पण ती आधीच रंजक असलेल्या कामातली. कंटाळवाण्या कामात घटायला गोडीच नसते. त्यामुळे तुमचं खरं नुकसान झालंय ते माळ्यावर गेलेल्या पुस्तकांत. इतिहासाच्या वाढलेल्या मार्कांनी ते झाकलं गेलं, एवढंच.

आणि पैसे मोजताय ते बसण्याचे. अवघड प्रमेयात तास गेला आणि हाती काही लागलं नाही, किंवा सोपी उत्तरं उतरवण्यात तास गेला, दोन्हीचे वीसच. मुलगा हिशेबाला पक्का आहे, त्याने सोपं निवडलं. यात आळस कुठेच नाही.

अर्थकारणी

थोडा विरोध नोंदवतो. माझा विषय अर्थशास्त्र. कॅमेरॉन आणि पियर्स यांनी 1994 मध्ये असेच प्रयोग एकत्र केले आणि त्यांना बक्षिसाचं नुकसान फार मर्यादित दिसलं. प्रयोगशाळेतली आठ मिनिटं आणि आपली वर्षभराची शाळा यांत अंतर आहे. रोलँड फ्रायरने अमेरिकेतल्या शहरांत खऱ्या शाळांमध्ये पैसे देऊन पाहिले, 2011 चा त्याचा निबंध आहे. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये मार्कांवर पैसे दिले, निकालात फरक पडला नाही. डलासमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून छोटी चाचणी दिली की दोन डॉलर मिळत. तिथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. मुलांची गोडी कमी झाल्याचाही त्याला फारसा पुरावा मिळाला नाही. कारण उघड आहे, पुस्तक वाचणं मुलाच्या हातात असतं. मार्क कसे वाढवायचे हेच माहीत नसेल तर पैसे दाखवून काय होणार?

वर्गाबाहेर

हा मुद्दा रास्त आहे आणि फ्रायरचा पुरावा मी बाजूला सारत नाही. कॅमेरॉनची गणना आणि 1999 ची गणना यांत कोणते प्रयोग कसे एकत्र करायचे यावरच वाद होता. रंजक आणि कंटाळवाणी कामं एकत्र मोजली की सरासरीत परिणाम विरून जातो, असं डेसीच्या बाजूचं म्हणणं. तो वाद पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही.

तांबडी_माती, तुमचा दंडाचा दाखलाही यातच बसतो. शाळेत हजर राहणं सक्तीने होऊ शकतं, ते आईबापाच्या हातात आहे. आत बसलेलं मूल फळ्याकडे बघून विचार करतंय का, ते दंडाने ठरत नाही. आणि तालमीचं म्हणाल, तर इनाम वर्षातून काही वेळा. रोज पहाटे त्याला तिथे कोण बोलावतं?

तांबडी_माती

वस्ताद. आणि जोडीची पोरं. एक दिवस नाही गेला तर पोरं घरी येत्यात बोलवायला. वस्ताद डाव दाखवतोय, चुकला तर पाय कुठं ठेवायचा ते हातानं धरून सांगतोय. मागच्या महिन्यात न बसणारा डाव या महिन्यात बसला की पोरगं घरी येऊन तेच सांगत बसतंय, जेवणाकडं लक्ष नसतंय.

वर्गाबाहेर

डेसी आणि रायन यांनी पुढे जो सिद्धांत मांडला, त्यातल्या दोन गोष्टी तुम्ही सांगून टाकल्या. आपल्याला जमत चाललंय हे कळणं, आणि आपली माणसं आपल्याला धरून असणं. तिसरी, हे मी ठरवून करतोय असं वाटणं. तालमीत जायचं तुमच्या मुलानेच ठरवलं असेल तर तीही आहे. एवढा आधार असताना अधूनमधूनचं इनाम फारसं बिघडवत नसावं असं माझं मत आहे. ताईंच्या वहीत मात्र रोजच्या अभ्यासाला वीस रुपयांशिवाय दुसरा आधारच उरला नाही.

मृदगंध_क

मग इतिहासाचं काय? त्याची आतून आवड कधीच नव्हती. ती कुठून आणायची?

वर्गाबाहेर

आणायची गरज नाही. इथेच लोक अडकतात. अभ्यासाचा मोठा भाग मजेचा नसतो, तो तसा व्हावा अशी अपेक्षाही या संशोधनात नाही. काम कंटाळवाणं असूनही त्याचं कारण मुलाला स्वतःचं वाटलं तर तो ते धरून ठेवतो.

1994 मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम अतिशय रटाळ काम निवडलं. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका दिसला की कळ दाबायची, बस. काहींना तीन आधार दिले. हे का करायचं याचं पटेल असं कारण सांगितलं. हे कंटाळवाणं वाटेल हे मोकळेपणाने मान्य केलं. आणि 'केलंच पाहिजे' अशी भाषा टाळून निवड त्यांच्यावर ठेवली. यातले दोन-तीन आधार मिळालेले लोक नंतर कुणी पाहत नसताना ते काम जास्त करत राहिले, आणि करताना मोकळे वाटले. आधार न मिळालेल्यांतलेही काही जण करत राहिले, पण जे जास्त करत होते तेच मनातून जास्त नाखूश होते. हा दुसरा प्रकार घरात ओळखणं फार अवघड, कारण बाहेरून दोघेही अभ्यासूच दिसतात.

राधानगरीहून

मॅडम, हा दुसरा प्रकार म्हणजे मी. राज्यसेवेची तयारी करतो, विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहतो, दिवस अभ्यासिकेत जातो. मला कुणी बक्षीस देत नाही, कुणी रागवतही नाही. वडिलांनी माझ्यासाठी रान गहाण टाकलंय. पहाटे जाग आली की आधी तेच आठवतं आणि मी उठतो. सगळे म्हणतात, याच्यात आतून जिद्द आहे. पूर्व परीक्षेत दोनदा नापास झालो. प्रत्येक वेळी नंतर काही आठवडे पुस्तक उघडवत नाही. उघडलं की छाती भरून येते. ही आतली प्रेरणा नाही का?

वर्गाबाहेर

ती आत आहे, पण दुसऱ्याची आत येऊन बसलेली आहे. रायन आणि कॉनेल यांनी 1989 मध्ये शाळकरी मुलांना विचारलं, गृहपाठ का करता? लाज वाटेल, अपराधी वाटेल म्हणून करणारी मुलं कष्ट कमी घेत नव्हती. त्यांच्या पालकांनाही ती कष्टाळू वाटत होती. पण त्यांच्यात चिंता जास्त होती आणि अपयश आलं की ती मोडून पडत. मला हे समजायला हवंय, माझ्यासाठी महत्त्वाचं आहे, असं सांगणारी मुलंही कष्ट घेत होती, पण अपयशातून सावरायचा त्यांचा मार्ग वेगळा होता. म्हणून ही ओळख अभ्यास चालू असताना पटत नाही. निकालानंतरच्या आठवड्यांत पटते, आणि तुम्ही ते आठवडे स्वतःच सांगितलेत.

राधानगरीहून

पण तो अपराधीपणा काढला तर मला उठवणार कोण? खरं सांगतो, भीती वाटते.

वर्गाबाहेर

काढू नका. असा काढून निघतही नाही. त्याच्या शेजारी दुसरं काही आहे का, ते बघा. तहसीलदाराचं किंवा गटविकास अधिकाऱ्याचं काम दिवसभर नेमकं काय असतं, हे तुम्ही कधी जवळून पाहिलंय? त्यातलं कोणतं काम तुम्हाला करावंसं वाटतं? उत्तर मिळालं तर अभ्यासक्रमातला एखादा तरी भाग, पंचायत राज असो की जमीन महसूल, तुमच्या कारणाला जोडला जाईल. उत्तर मिळालं नाही तर तेही कळणं गरजेचं आहे. आणि वडिलांशी कर्जाविषयी स्पष्ट बोला, किती, कधीपर्यंत, मी किती प्रयत्न देणार. नुसती धास्ती आणि ठरलेला आकडा, दोन्हींचा भार सारखा नसतो. छाती भरून येणं वाढलं तर मात्र डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, इथल्या चर्चेवर थांबू नका.

सातवी_गल्ली

हे वाचून काल रात्री जेवताना विषय काढला. त्याचे वडील होते. मी विचारलं, वही चालू ठेवायची का? तो म्हणाला, "पैसे बंद केले तरी चालेल, पण मग मी बसलो नाही म्हणून बोलायचं नाही." वडील चिडले. पुढे काय करावं?

वर्गाबाहेर

त्याचं वाक्य फार चांगलं आहे. त्याला पैशांपेक्षा नजर जास्त खुपतेय.

मी असं करेन. पैसे त्याच्या अभ्यासापासून पूर्ण तोडा, पण हिसकावू नका. आठवड्याला साधारण त्याला मिळतात तेवढे हातखर्चाला बिनशर्त द्या. नाहीतर बंद करणं हीच शिक्षा होईल आणि तीही अटच. गणित सगळ्या नोंदींतून बाहेर काढा. त्याचा वेळ विचारू नका, मार्क विचारू नका, पुस्तकं माळ्यावरून खाली आणून दिसतील अशी ठेवा, पण 'सोडव' म्हणू नका. इतिहास-संस्कृताचं किती आणि केव्हा, हे त्याला ठरवू द्या. ठरवायचं की नाही, ही निवड मात्र देऊ नका. मर्यादा घालणं आणि हुकूम सोडणं वेगळं.

पहिले काही आठवडे तास घटतील. वडिलांची भीती तेवढ्यापुरती खरी ठरेल, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. तास बघू नका. सुट्टीच्या दिवशी कुणी घरात नसताना तो काय हातात घेतो, आणि अवघड उदाहरणावर अडला की सोडतो की दुसरी वाट शोधतो, ते बघा.

आणि कौतुकाची भाषा. रायनच्या 1982 च्या प्रयोगात शाबासकीतच 'जसं करायला हवं होतं तसंच केलंस' असा सूर घातला तर गोडी कमी झाली. हे काम म्हणजे बुद्धीची कसोटी आहे असं सांगितलं तरी तेच झालं. त्यामुळे 'हुशार आहेस, आता नव्वदच्या खाली यायचं नाही' यापेक्षा 'प्रमेयात ती जास्तीची रेषा काढायचं तुला कसं सुचलं?' हे विचारा, आणि उत्तर खरंच ऐका.

सातवी_गल्ली

इतिहासाचं पटेल असं कारण काय सांगू? त्याने विचारलंच, "करारांच्या तारखा पाठ करून काय होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर्गाबाहेर

उत्तर नसेल तर बनवून सांगू नका, त्याला लगेच कळतं. 'तारखा परीक्षेसाठीच लागतात आणि ते कंटाळवाणं आहे' हे खरं आहे, तेवढं म्हणालात तरी चालेल. बाकी इतिहासाच्या शिक्षकांनी सांगावं.

खडू_फळा

निवृत्त इतिहास शिक्षक. नववीच्या पुस्तकात स्वातंत्र्यानंतरचा भारत आहे, त्यात हरितक्रांती आणि धवलक्रांती येते. घरात किंवा नात्यात कुणाच्या गोठ्यात म्हशी असतील तर मुलाला एक सकाळ गावच्या दूध संस्थेत पाठवा. फॅट कशी लावतात, दर कसा ठरतो, पैसे किती दिवसांनी येतात, विचारून येऊ दे. आकडे आले की तो बसेल. लिटर, फॅट आणि दर यांचं गणित त्याला सुटतं, आणि हे उभं कसं राहिलं हा प्रश्न मग तोच विचारेल. वर्गातली गणितवाली मुलं मी याच वाटेने इतिहासात आणलेली आहेत. सगळी आली नाहीत.

सातवी_गल्ली

कागलला माझी नणंद आहे, त्यांच्या घरी म्हशी आहेत. रविवारी जमेल.

अर्थकारणी

वडिलांच्या बाजूने एकच विचारतो. पुढच्या वर्षी दहावी. तेव्हा वेळ कमी आणि धोका जास्त असेल. समजा जूनपर्यंत इतिहास घसरलाच, तर बक्षीस परत आणायचं का?

वर्गाबाहेर

मी तासावर आणणार नाही, मार्कांवर तर नाहीच. फार तर तुमच्या डलाससारखं, त्याच्या हातातल्या छोट्या कामाला, थोड्या काळापुरतं, आणि तेही फक्त त्याला न आवडणाऱ्या विषयात. त्याने ते मागितलं तर. दहावीच्या ताणात हे कितपत टिकतं, याबद्दल माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं अजून एकमत नाही.

तांबडी_माती

ताई, पोरगं कागलला गेलं की दूध संस्थेचा हिशेब इथं टाका. माझ्या धाकट्यालाबी दाखवतो, त्याचं इतिहासाचं असंच हाय.